स्टाफ वेतनवाढ २०२६-२७ : श्रेणीनिहाय टक्केवारी आणि वाटपाचे नियम

प्रेषक : मनुष्यबळ विभाग, गोकुळ शिरगाव प्लांट
प्रति : सर्व विभागप्रमुख
दिनांक : ६ एप्रिल २०२६

स.न.

व्यवस्थापनाने यंदाच्या वाढीला मार्चच्या स्टाफ पगाराच्या ८ टक्के रक्कम मंजूर केली आहे. स्टाफचा मासिक ग्रॉस ७२,००,००० रुपये, म्हणजे वाढीला एकूण ५,७६,००० रुपये. त्यातला अर्धा टक्का, म्हणजे ३६,००० रुपये, बढत्या आणि जुन्या तफावती दुरुस्त करण्यासाठी बाजूला काढला आहे. कामगिरीवरच्या वाढीला उरले ५,४०,००० रुपये, म्हणजे ७.५ टक्के. याच्या वर एक रुपयाही नाही, हे मालकांनी दोनदा सांगितले आहे.

हे परिपत्रक फक्त स्टाफसाठी आहे. कामगारांची वाढ युनियनच्या कराराप्रमाणे होते. ३० सप्टेंबर २०२५ नंतर रुजू झालेल्या ११ जणांचा पगार वरच्या ७२ लाखांत धरलेला नाही, त्यांचा विचार ऑक्टोबरमध्ये होईल. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा वाढीव बोजा अकाउंट्सने वेगळा धरला आहे, तो तुमच्या वाटपातून कापायचा नाही.

जोतिबाच्या यात्रेआधी तुमच्याकडून पहिल्या याद्या आल्या. त्या याद्यांप्रमाणे पगाराच्या २५ टक्के रकमेची माणसे ‘अ’मध्ये होती, ४५ टक्के ‘ब’मध्ये, २६ टक्के ‘क’मध्ये आणि ४ टक्के ‘ड’मध्ये. ‘इ’मध्ये एकही नाही. खाली दिलेले दर या याद्यांना लावले, तर खर्च ६,३०,१८० रुपये होतो, मर्यादेपेक्षा ९०,१८० रुपये जास्त. सगळ्यांचे दर सारखेच खाली ओढून तो मर्यादेत बसवता आला असता, पण मग ‘अ’ला ११.५ऐवजी साधारण ९.८५ टक्के मिळाले असते. ज्याने वर्षभर रात्री-अपरात्री मेल्टिंगची फर्नेस चालू ठेवली, त्याच्या हातात पडणारी वाढ सगळ्यांना ‘उत्कृष्ट’ म्हटल्यामुळेच कमी झाली असती. लॅडलमध्ये धातू ठरलेलाच असतो. पहिले दोन मोल्ड काठोकाठ भरले की शेवटचा मिसरन होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

४ एप्रिलच्या बैठकीत तीन तास वाद घालून आपण पुढील विभागणी ठरवली.

| श्रेणी | माणसे | मासिक ग्रॉस (रु.) | दर (टक्के) | वाढ (रु.) |
|---|---|---|---|---|
| अ | १८ | ८,६४,००० | ११.५ | ९९,३६० |
| ब | ५२ | २१,६०,००० | ८.७५ | १,८९,००० |
| क | ८८ | ३३,१२,००० | ७ | २,३१,८४० |
| ड | १८ | ६,४८,००० | ३ | १९,४४० |
| इ | ८ | २,१६,००० | ० | ० |
| एकूण | १८४ | ७२,००,००० | ७.४९५ | ५,३९,६४० |

शिल्लक ३६० रुपये. आधी आम्ही ११, ९, ७ आणि ३ असे गोल आकडे घेतले होते, पण बेरीज ७.५१ टक्क्यांवर गेली, ७२० रुपये जास्त. म्हणून ‘ब’चा पाव टक्का काढून ‘अ’ला अर्धा टक्का दिला. ‘ब’मधल्या ५२ जणांना हे आवडणार नाही, पण ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यात नजरेत भरेल एवढे अंतर ठेवायचे होते.

वरचे दर श्रेणीचे सरासरी दर आहेत. आत माणसामाणसांत फरक करता येईल : ‘अ’ १०.५ ते १२.५, ‘ब’ ८ ते ९.५, ‘क’ ६ ते ८, ‘ड’ ० ते ४. मात्र तुमच्या विभागाची एकूण वाढ विभागाच्या मार्च ग्रॉसच्या ७.५ टक्क्यांत बसली पाहिजे. स्टोअर्स, डिस्पॅच, अकाउंट्स आणि ॲडमिन हे छोटे विभाग एकत्र एक गट मानले आहेत. पाच माणसांच्या स्टोअर्सवर बेल कर्व्ह लादणे हा मला चेष्टेचा प्रकार वाटतो. आकडा जुळवण्यासाठी कुणाला ‘इ’मध्ये ढकलू नका, ‘इ’ रिकामी राहिली तरी चालेल. एखाद्या विभागाला खरोखर जास्त लागत असेल, तर दुसऱ्या विभागप्रमुखाने तेवढी रक्कम लेखी सोडली पाहिजे आणि प्लांट हेडची सही हवी.

दरवर्षी होणारी एक चूक. टक्क्यांची साधी सरासरी काढू नका. समजा ८०,००० रुपयांच्या माणसाला १० टक्के आणि २५,०००वाल्याला ५ टक्के दिले. सरासरी ७.५ दिसते, पण वाढ होते ८,००० अधिक १,२५०, म्हणजे ९,२५० रुपये, १,०५,०००वर ८.८१ टक्के. गेल्या वर्षी एका विभागाचे पत्रक असेच दिसायला चोख होते आणि शेवटच्या दिवशी आम्हाला रात्री नऊपर्यंत बसावे लागले. पाठवलेल्या शीटमध्ये D रकान्यात मार्च ग्रॉस आणि F मध्ये टक्केवारी आहे. शेवटच्या ओळीत हे सूत्र टाका (ओळींचे आकडे आपापल्या यादीप्रमाणे बदला) :

```
=SUMPRODUCT(D2:D185,F2:F185)/SUM(D2:D185)
```

उत्तर ७.५ टक्क्यांच्या वर आले, तर शीट पाठवू नका.

ईएसआयकडे विशेष लक्ष द्या. मर्यादा २१,००० रुपये आहे आणि नवा अंशदान कालावधी १ एप्रिलपासून सुरू होतो. वाढ १ एप्रिलपासूनच लागू असल्याने जे ही मर्यादा ओलांडतील, ते या कालावधीपासून ईएसआयबाहेर जातील. फेटलिंगमधला एक सुपरवायझर २०,४०० रुपयांवर आहे. ७ टक्क्यांनी त्याचे २१,८२८ होतात. दरमहा कापले जाणारे १५३ रुपये वाचतील, पण घरच्यांचा औषधोपचार जाईल. असे सहा जण आहेत. ‘२०,९९०वर थांबवा’ अशी सूचना आली होती, ती मान्य नाही. कमावलेली वाढ रोखून आपण त्याचे भले करतोय असे म्हणता येणार नाही. कंपनीचा ३.२५ टक्के वाटा वाचतो, सहा जणांचे मिळून महिन्याला साधारण चार हजार. त्यातून त्यांना ग्रुप मेडिक्लेममध्ये घेण्याचा प्रस्ताव मी व्यवस्थापनाकडे दिला आहे. पत्र हातात पडण्याआधी या सहाजणांशी तुम्ही स्वतः बोला, घरी जाऊन त्यांना बायकोला समजावून सांगायचे असते.

वाढीची किमान निम्मी रक्कम बेसिकमध्ये जाईल. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली आहे आणि भत्ते निम्म्याच्या वर गेले, तर जास्तीची रक्कम वेतनातच धरली जाते. जुन्या माणसांच्या बाबतीत बेसिक वाढले की मागच्या सगळ्या नोकरीची ग्रॅच्युइटी वाढते : २० वर्षे झालेल्या माणसाच्या बेसिकमध्ये १,००० रुपये वाढले, तर ग्रॅच्युइटी ११,५३८ रुपयांनी चढते. अकाउंट्सने हे धरले आहे, माहिती असावी म्हणून लिहितो.

राखीव ३६,००० रुपयांसाठी अर्ज कारणासह द्या. ‘चांगला मुलगा आहे’ हे कारण नाही. मेथड्समध्ये तीन वर्षांचा इंजिनिअर ३१,२०० रुपयांवर आहे आणि त्याच्याच शेजारी परवा आलेला ३३,०००वर, हे कारण आहे. प्रसूती रजेवर असलेल्यांना रजेआधीच्या कामावर श्रेणी द्या, रजेमुळे श्रेणी खाली आणू नका.

भरलेल्या शीट शनिवार, ११ एप्रिलला दुपारी ४ वाजेपर्यंत पाहिजेत. उशिरा आलेल्या विभागाला सगळ्या श्रेणींचे वरचे सरासरी दर लावले जातील. पत्रे ३० एप्रिलला देऊ, वाढ एप्रिलच्या पगारात येईल. तोवर आकडे कँटीनमध्ये जाऊ देऊ नका. ‘ड’ आणि ‘इ’मधल्या २६ जणांशी पत्राआधी केबिनमध्ये दार लावून बोलणे तुमच्याकडे आहे. कुणाला ते अवघड वाटत असेल तर मी सोबत बसेन.

व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग