विषय: बुधवारच्या मेलसोबत चुकून आलेले दुसऱ्या ग्राहकाचे दरपत्रक काढून टाकण्याबाबत

नागपूर, गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

आदरणीय भोयर साहेब,

सप्रेम नमस्कार.

सकाळी आपलं फोनवर बोलणं झालंच. तरी ही गोष्ट लेखी असायला हवी, म्हणून हा मेल.

काल, बुधवारी संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास आमच्याकडून तुम्हाला `Rate_Oct_Final1.xlsx` ही फाइल गेली. मेलचा मजकूर तुमचाच होता, पण सोबतचं दरपत्रक आमच्या दुसऱ्या एका ग्राहकाचं होतं. ते त्यांच्या-आमच्यातलं होतं आणि तुमच्यापर्यंत यायला नको होतं. ही पूर्णपणे आमची चूक आहे. त्याबद्दल मी फर्मच्या वतीने आणि स्वतःच्या वतीनेही मनापासून माफी मागतो. तुमच्या स्टोअरमधल्या मुलाने फाइल उघडताच फोन करून "साहेब, हे आपलंच आहे ना?" असं विचारलं. त्याचे आभार माझ्याकडून जरूर सांगा. तो गप्प बसला असता तर आम्हाला हे कळायला किती दिवस लागले असते कोण जाणे.

झालं कसं, तेही सांगतो. २२ सप्टेंबरपासून कोरूगेटेड पेट्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आणि क्राफ्ट पेपरचा मात्र १८ वर गेला. त्यामुळे सगळ्याच ग्राहकांची दरपत्रकं नव्याने काढावी लागली. ती सगळी एकाच फोल्डरमध्ये, जवळपास सारख्याच नावांनी ठेवलेली होती. तुमची फाइल `Rate_Oct_Final.xlsx`, तिच्या खालोखाल ही दुसरी. जोडताना खालची जोडली गेली आणि पाठवण्याआधी उघडून पाहिली गेली नाही. मेल आमच्या ऑफिसमधून कोणी पाठवला हे तुम्ही विचारलं नाहीत, आणि मीही सांगणार नाही. फाइली अशा ठेवण्याची पद्धत माझी होती.

आता विनंती. तो मेल आणि ती फाइल कृपया कायमची काढून टाका. नुसता इनबॉक्समधून डिलीट केला तर जीमेलच्या ट्रॅशमध्ये तो ३० दिवस पडून राहतो, म्हणून तिथूनही काढावा लागेल. फाइल डाउनलोड झाली असेल तर ती कॉम्प्युटरच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये असेल, आणि मोबाइलवर उघडली असेल तर फोनमध्येही एक प्रत राहिली असेल. स्टोअरमधून कोणाला व्हॉट्सअॅपवर पाठवली गेली असेल, तर तिथूनही काढायला सांगा. प्रिंट काढली असेल तर ती फाडून टाका. मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब करायला ठेवू नका, एवढं मात्र आवर्जून सांगतो, कारण आमच्याकडे तसंच होतं.

फाइल तुमच्या ऑफिसबाहेर कोणाकडे गेली असेल, तुमच्या सीए साहेबांकडे किंवा वाहतूकदाराकडे, तर तेवढं मला कळवा. त्यांना फोन करून विनंती करायचं काम माझं. तुम्हाला त्यात गुंतवणार नाही.

हे सगळं झालं की "काढून टाकलं, प्रत ठेवलेली नाही" एवढी एक ओळ याच मेलला उत्तर म्हणून पाठवा. शनिवार संध्याकाळपर्यंत आली तर बरं होईल. ज्या ग्राहकाचं ते दरपत्रक आहे, त्यांना मी आजच सगळं सांगितलं आहे. तुमची ओळ हातात आली की त्यांनाही नीट उत्तर देता येईल. कोणाकडे गेलं हे त्यांनी विचारलं, पण तुमचं नाव मी दिलेलं नाही. तसंच त्या फाइलवर कोणाचं नाव आहे, हेही मी या मेलमध्ये लिहीत नाही.

एक विषय आपण दोघांनीही फोनवर टाळला. तो मीच काढतो. त्या यादीतले काही आकडे तुमच्या नजरेस पडले असतील, आणि "त्यांना हा भाव, मग आम्हाला हा का?" असं मनात आलं असेल तर ते अगदी साहजिक आहे. पण त्या आकड्यांमागची कारणं सांगायला गेलो तर तीही त्यांचीच माहिती ठरते, म्हणून ती मला सांगता येणार नाहीत. तुमच्या पेटीबद्दल मात्र हवं तेवढं बोलू. पेटीचा भाव प्लाय, कागदाचा जीएसएम आणि बीएफ, छपाईचे रंग, डाय, एका ऑर्डरची नगसंख्या, उधारीचे दिवस आणि गाडीभाडं यांवर ठरतो. तुमची संत्र्याची पेटी ५ प्लाय, हवेसाठी भोकं पाडलेली, आणि आंबिया बहारात थोडी-थोडी करून पण तातडीने लागणारी. यातल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब तुमच्यासमोर कागदावर मांडायला मी तयार आहे. त्यात कुठे कमी करण्यासारखं निघालं तर करू. पण ते तुमच्या पेटीच्या हिशेबावर, त्या यादीकडे बोट दाखवून नाही. ती यादी आपल्या बोलण्यात आली, तर उद्या तुमची यादीही दुसऱ्या कोणाच्या बोलण्यात येईल, आणि ते तुम्हाला चालणार नाही.

तुमचं दरपत्रक कोणाकडे गेलं का, हेही सकाळी तुम्ही विचारलंत. २२ सप्टेंबरनंतर पाठवलेले सगळे मेल आज दुपारी एकेक करून तपासले. तुमची फाइल कुठेही गेलेली नाही. तुमचं बरोबर दरपत्रक वेगळ्या, नव्या मेलने पाठवलं आहे. जुना मेल काढताना हा नवा निघून जाऊ नये म्हणून त्याच्या विषयात "नवे" असं लिहिलं आहे. त्यात दिलेले भाव ३१ ऑक्टोबरपर्यंत बदलणार नाहीत, मधल्या काळात कागद वाढला तरी.

या गोंधळाचा तुमच्या चालू ऑर्डरवर काहीही परिणाम नाही. पहिली खेप ठरल्याप्रमाणे सोमवारी हिंगण्याहून निघेल आणि दुपारपर्यंत कळमन्याला तुमच्या गोदामावर पोहोचेल.

आमच्याकडे आजपासून प्रत्येक ग्राहकाचं फोल्डर वेगळं केलं आहे, फाइलच्या नावात ग्राहकाचा कोड टाकला आहे आणि दरपत्रक यापुढे पासवर्ड लावूनच जाईल. पासवर्ड तुम्हाला मेलवर येणार नाही, फोनवर सांगू. थोडं कटकटीचं वाटेल, पण सांभाळून घ्या.

तुम्हाला विनाकारण त्रास झाला याचं वाईट वाटतं. शनिवारी दुपारी मी कळमन्याकडे आहे. सवड असेल तर पेटीच्या हिशेबाचा कागद घेऊन गोदामावर येतो. वेळ तेवढी कळवा.

आपला नम्र,

वानखेडे
भागीदार, कोरूगेटेड पेटी विभाग
हिंगणा एमआयडीसी, नागपूर