सतरा नंबर

"गेली!" माझा रूममेट लातूर अंधारात ओरडला. एक हात इस्त्रीवर, दुसरा शर्टाच्या बाहीवर.

आठवड्यातली ही चौथी वेळ. बाहेर माटुंग्यात पाऊस झोडपत होता, पण हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये लख्ख उजेड आणि समोरच्या खोलीत गाणी. अंधार फक्त सतरा नंबरच्या वाट्याला. मी तक्रारवहीत तीनदा लिहिलं होतं, शेवटच्या वेळी जरा चढूनच: 'वायरिंग निकृष्ट आहे. काही झाल्यास जबाबदार कोण?'

केअरटेकर तात्या वही काखेत मारूनच वर आले. पॅसेजमधल्या डीपीचं झाकण उघडलं. आमचा एमसीबी पडलेला. त्यांनी तो तसाच ठेवला.

"काय काय चालू होतं?"

"ट्यूब, पंखा, लॅपटॉप," मी म्हणालो.

लातूरनं इस्त्री पाठीमागे लपवली. ती तापलेली होती. पुढं आणली.

तात्यांनी नाक वर करून वास घेतला, मग बॅटरी घेऊन सरळ माझ्या पलंगाखाली वाकले. बॅग सरकवली. मागे एक्स्टेंशन बोर्ड, त्यालाच लटकवलेला दुसरा बोर्ड, एका पिनेभोवतीचं प्लास्टिक करपून तपकिरी. शेजारी माझं बनियन. बनियनखाली किटली, मॅगीच्या पाण्याची.

चाळिशी लावून त्यांनी तिचं लेबल वाचलं. "पंधराशे वॉट. इस्त्री?"

"हजार."

"भाग दोनशे तीसनं."

मी इलेक्ट्रिकलला आहे हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच भागाकार माझ्याकडे आला असावा.

"अकराच्या आसपास. अँपियर."

"बोर्डावर काय लिहिलंय?"

"सहा." डीपीतलाही सहाचाच होता, ते मी बोललो नाही.

"पण तात्या, लावल्याबरोबर कुठे जाते? पाणी उकळायला येतं तेव्हा जाते." मला वाटलं, इथं सापडले.

"एमसीबीच्या आत पट्टी असते. तापली की वाकते, मग पडतो. वेळ लागतो तिला." त्यांनी वायर उचलली. ती मऊ पडून बॅगेच्या बुडाला चिकटली होती. सोलल्यासारखी सुटून आली. "तो पडत होता म्हणून तुम्ही झोपत होतात."

दोन्ही बोर्ड आणि किटली काखेत गेली, वही माझ्या हातात आली. त्यांनी एमसीबी वर केला. उजेडात माझंच अक्षर समोर: 'जबाबदार कोण?'

"त्याच्याखाली सही कर."

केली.

"तात्या," लातूर हळूच म्हणाला, "उद्या इंटरव्ह्यू आहे. एक बाही राहिलीय."

"भिंतीतल्या प्लगला लाव. एकटी इस्त्री."

"आणि किटली?"

"ती खाली माझ्याकडे. चहा हवा तर दहाच्या आत या, पातेल्यातला मिळेल. साखर आपली आणा."