प्रश्न ५ (ब), मांडवीतली लाँच आणि बार्ज: ४ पैकी २ गुण

मागची लाँच पुढच्या बार्जला किती मिनिटांत गाठेल, हा प्रश्न होता. सूत्र बरोबर, तासांची मिनिटं बरोबर. त्याचे २ गुण दिलेत. चूक तिसऱ्या ओळीत आहे: १८ + १२ = ३०.

गणित पुन्हा वाच. लाँच आणि बार्ज दोन्ही पणजीहून आग्वादकडे, म्हणजे एकाच दिशेने चालल्यात. बार्ज १.५ किमी पुढे. लाँच तासाला १८ किमी जाते खरी, पण तेवढ्यात बार्जही १२ किमी पुढे सरकते. अंतर तुटतं ते ताशी फक्त ६ किमीने. म्हणून १.५ ÷ ६ = ०.२५ तास, १५ मिनिटं.

तुझं उत्तर ३ मिनिटं. ताळा करून बघ: ३ मिनिटांत लाँच ०.९ किमी जाते. बार्ज सुरुवातीला जिथे होती तिथेसुद्धा ती पोचत नाही, मग गाठणार कशी? १५ मिनिटांत मात्र लाँच ४.५ किमी, बार्ज ३ किमी; फरक नेमका १.५. हा ताळा एका ओळीचा आहे, दर वेळी कर.

तुझी मांडणी इतकी स्वच्छ आहे की हे २ गुण कापताना वाईट वाटलं. याच पानाखाली आता बार्ज समोरून येतेय असं धरून गणित सोडव. तिथे ३० बरोबर ठरतील. सोमवारी दाखव.