गणिताच्या पेपरआधी, वर्गाबाहेर उभं राहून म्हणायची प्रार्थना

देवा, आम्ही सगळे वर्गाच्या बाहेर उभे आहोत, गणिताचा पेपर आहे, हॉल तिकीट हातात आहे आणि हाताला घाम सुटलाय. पोटात गोळा आलाय. आमच्यातले काहीजण सकाळपासून एक शब्द बोललेले नाहीत आणि काहींची बडबड थांबत नाहीये, दोन्हीकडे भीतीच आहे, तुला ते कळतंच. तुझ्यापासून काय लपवायचं, घाबरलोय आम्ही.

मार्क मागायला आलेलो नाही. मागावेसे खूप वाटतात, पण ते तुझ्याकडे मागायची गोष्ट नाही असं आम्हाला मनापासून वाटतं. जेवढा अभ्यास झाला तेवढा झाला, जो राहिला तो राहिला, आता या पाच मिनिटांत त्यात काही वाढणार नाही. एवढंच कर की जे येतं ते भीतीपायी अडकून पडू नये. घरी कितीतरी वेळा सोडवलेलं गणित पेपरात समोर आलं की अचानक अनोळखी वाटतं ना, तेव्हा आम्हाला सोडून जाऊ नकोस.

छाती धडधडतेय देवा. काहीतरी संकट आलंय असं समजून शरीर आम्हाला तयार करतंय, म्हणून हृदय जोरात पळतंय आणि तोंड कोरडं पडलंय. हे शरीर तूच दिलंयस, ते आमच्या वाईटावर नाहीये. आणि श्वास सावकाश सोडला की धडधड हळूहळू उतरते, ही सोयसुद्धा तूच त्यात करून ठेवलीयेस. म्हणून आता बोलणं थांबवून आम्ही नाकाने श्वास घेतो, आणि घ्यायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडतो.

परत एकदा.

अजून एकदा, खांदे सैल सोडून.

पाय जमिनीवर टेकलेत ते जाणवतंय. थोडी भीती अजून आहे, असू दे, तिला घेऊनच आत जाऊ.

पेपर हातात आल्यावर आधी सगळा एकदा वाचायची बुद्धी दे. पहिलंच गणित अवघड निघालं तर सगळा पेपर अवघड आहे असं ठरवून टाकायला नको, ते बाजूला ठेवून जे येतं तिथून सुरुवात करता येऊ दे. डोकं एकदम कोरं झालं तर पेन खाली ठेवून परत असाच श्वास घ्यायची आठवण दे, कारण घाबरल्यावर आठवत नाही म्हणजे विसरलो असं नसतं, जरा शांत झालं की कुठूनतरी फॉर्म्युला परत येतो. आणि नाहीच आला तरी जेवढ्या स्टेप्स येतात तेवढ्या नीट लिहू दे. शेजारचा पुरवणी मागतोय म्हणून आमचा हात थरथरायला नको. त्याच्या पेपरात डोकवायचा मोह झालाच तर मान आमच्याच कागदाकडे वळव.

आमच्यातल्या ज्याच्या घरी कोणी आजारी आहे आणि ज्याला अभ्यासाला वेळच मिळाला नाही, त्याच्याजवळ आज जरा जास्त थांब. जी रात्रभर झोपली नाही तिला तीन तास पुरेल एवढी ताकद दे. घरी देवापुढे दिवा लावून बसलेल्या आईबाबांची पण भीती कमी कर, ती आमच्यापर्यंत पोचते रे. आणि पेपर तपासणाऱ्या सरांना, मॅडमना निवांतपणा दे, त्यांच्यासमोर गठ्ठेच्या गठ्ठे असतात.

बाहेर आल्यावर उत्तरं जुळवत बसायचा मोह आवरू दे, झालेला पेपर झाला, दोन घास खाऊन झोपू दे, कारण वाचलेलं डोक्यात बसायला झोप लागतेच.

मग रिझल्टचा दिवस येईल. तो कसा असेल माहीत नाही आणि तू आत्ता सांगू पण नकोस. चांगला लागला तर ज्याला कमी पडले त्याच्याशी नीट वागायची समज दे. कमी पडले तर ते घरी खरंखरं सांगायचं धाडस दे, आणि ऐकणाऱ्यांना आधी जवळ घ्यायची, मग बाकीचं विचारायची बुद्धी दे. आणि कोणाला इतकं वाईट वाटलं की जगायलाच नको असं मनात आलं, तर त्याला एकट्याने दार लावून बसू देऊ नकोस, त्याच मिनिटाला कोणालातरी सांगू दे, आईला, मित्राला, बाईंना, कोणालाही. आम्हाला कोणी असं सांगितलं तर हसण्यावारी न नेता त्याच्याजवळ बसून राहू, मोठ्यांना बोलावू, हा शब्द आम्ही आत्ता एकमेकांना देतोय, तुझ्यासमोर.

बेल व्हायला आली देवा. परवा सायन्स आहे, तेव्हा परत इथेच उभे राहून बोलू तुझ्याशी, आत्ता आत जातो.