विषय : सहायक संपादक पद – चाचणीच्या कामाबद्दल

आदरणीय देशपांडे मॅडम,

सप्रेम नमस्कार.

सोमवारी आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार. भूजलावरच्या अनुवादाची फाइल त्याच रात्री उघडली. अनुक्रमणिका आणि दुसरं प्रकरण वाचून काढलं, मगच हे लिहायला बसले आहे.

तीन प्रकरणांचं पूर्ण संपादन आणि सोबत परिभाषेची सूची असं काम पुढच्या सोमवारपर्यंत, विनामोबदला करायचं आहे. एवढं काम मला चाचणी म्हणून करता येणार नाही. पद मात्र मला मनापासून हवं आहे, म्हणून कारण मोकळेपणाने सांगते.

तिन्ही प्रकरणं मिळून सुमारे १८,००० शब्द होतात. अनुवादाचं संपादन मी दोन हातांनी करते. पहिल्या हातात मूळ इंग्रजी शेजारी ठेवून अर्थ तपासायचा, दुसऱ्या हातात इंग्रजी बंद करून फक्त मराठी वाचायचं. दोन्ही हात धरून तासाला ८०० शब्दांच्या पुढे मी जात नाही, गेले तर चुका सुटतात. म्हणजे संपादनालाच २२-२३ तास लागतील आणि सूचीचे चार-पाच वेगळे. सध्याची नोकरी सांभाळून आठवडाभरात ते उरकलं, तर आपल्यापुढे माझं घाईतलं काम येईल. शिवाय हा मजकूर छापायला जाणार आहे. छापायच्या पुस्तकावर २७-२८ तास बसणं हे काम आहे आणि कामाचा मोबदला ठरलेला असावा, असं मला वाटतं. आपल्या हेतूबद्दल मनात जराही शंका नाही. आपल्याजागी दुसरं कुणी असतं तरी मी हेच म्हटलं असतं.

त्याऐवजी असं करता येईल का? याच पुस्तकातली कोणतीही सलग चार पानं, साधारण १,००० शब्द, आपण निवडून द्या. सगळ्यात अडचणीची वाटतात तीच द्या. मी ती ट्रॅक चेंजेस चालू ठेवून संपादित करते आणि महत्त्वाच्या प्रत्येक बदलाशेजारी कारण लिहिते. शब्द घेतला तर का, वाक्य तोडलं तर का, आणि कुठे अनुवादकाचंच राहू दिलं. पानं उद्यापर्यंत मिळाली तर रविवारी संध्याकाळी परत पाठवीन. त्यावर अर्धा तास फोनवर बोलता आलं, तर माझी पद्धत आपल्याला तीन प्रकरणांपेक्षा जास्त कळेल. या नमुन्याचा मोबदला अर्थातच नको.

मी काय करीन याची कल्पना यावी म्हणून दुसऱ्या प्रकरणातलं एक वाक्य घेते :

‘विहिरींच्या खोदकामाद्वारे भूजलावर पडणारा ताण हा अधिक वाढला असल्याचे पाहायला मिळते.’

हे मी असं करीन : ‘विहिरी वाढत गेल्या तसा भूजलावरचा ताणही वाढत गेला.’

अर्थ तोच राहतो, पण ‘द्वारे’ आणि ‘पाहायला मिळते’ गेल्याबरोबर वाक्य चालायला लागतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. एकाच संकल्पनेला या प्रकरणात कुठे ‘जलधर’, कुठे ‘जलभृत’, तर दोन ठिकाणी ‘जलस्तर’ म्हटलं आहे. ‘जलस्तर’ वाचून वाचकाला पाण्याची पातळी वाटेल, पाणी धरून ठेवणारा खडक वाटणार नाही, आणि पुढचं सगळं विवेचन या फरकावरच उभं आहे. मी सगळीकडे ‘जलधर’ ठेवीन. तसंच बेसाल्टच्या वर्णनात विहीर खोदणाऱ्यांच्या तोंडचा ‘मांजऱ्या’ हा शब्द एकदा तरी यावा. ज्यांच्या शेतात विहीर आहे त्यांना खडक लगेच ओळखू येईल.

तिन्ही प्रकरणं बघितल्याशिवाय निर्णय घेता येणार नसेल, तर ती मी आनंदाने करीन, पण मोबदल्यावर. बाहेरच्या कामाला मी शब्दाला ४० पैसे घेते, त्या हिशोबाने संपादनाचे ७,२०० रुपये होतील. सूची त्यातच धरू. मुदत मात्र तीन आठवड्यांची लागेल.

विज्ञानाची पुस्तकं नीट मराठीत यावीत यासाठी आपण स्वतंत्र संपादक नेमताय, याचं मला फार अप्रूप आहे. म्हणूनच अर्ज केला होता आणि तो कायम आहे.

यातलं काय सोयीचं पडेल ते कळवावं. उद्या दुपारी एक ते दोन आणि संध्याकाळी सातनंतर मी फोनवर आहे.

आपली,
सायली