प्रथम सत्र परीक्षा, इयत्ता दहावी: पर्यवेक्षण नियुक्तीचे परिपत्रक

(स्टाफरूममधले बोलणे, गुरुवार, मधली सुट्टी. परिपत्रक यावरूनच लिहिले, म्हणून परीक्षा विभागाच्या फाइलमध्ये सोबत ठेवत आहे.)

कांबळे सर: देशमुख मॅडम, या वेळी तरी वाटणी नीट होऊ द्या. गेल्या परीक्षेला सलग सहा दिवस सुपरव्हिजन होती माझी. पाय नुसते भरून यायचे.

जाधव सर: मला दिवसांचं काही नाही, वेळेचं आहे. पनवेलहून ठाण्याची गाडी धरतो. ती रखडली की माझ्या हातात काही राहत नाही.

नाईक मॅडम: मला १० तारीख मोकळी द्याल का? आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.

पाटील मॅडम: आणि तिसरा मजला मला खरंच जमत नाही हो. गुडघा साथच देत नाही.

म्हात्रे सर: त्यांना तळमजल्याची खोली द्या की. जादा वेळ घेणारी दोन मुलं तिथेच बसणार ना?

शेख मॅडम: पण मग एक ठरवा. मुलांचा वेळ वाढला की पाटील मॅडम तासभर जास्त थांबतात, चहासुद्धा मिळत नाही त्यांना. मागच्या वेळी मीच शेवटी जाऊन बसले.

जाधव सर: आणि गणिताच्या दिवशी मी वर्गात नको. मुलं माझ्या तोंडाकडेच बघत बसतात.

देशमुख मॅडम: सगळं लिहून घेतलंय. उद्या कागदावर येईल.

माध्यमिक विद्यालय, ऐरोली, नवी मुंबई
परीक्षा विभाग
दिनांक: शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५

परिपत्रक
विषय: इयत्ता दहावी प्रथम सत्र परीक्षेचे पर्यवेक्षण

सर्व संबंधित शिक्षकांना कळविण्यात येते की, इयत्ता दहावीची प्रथम सत्र परीक्षा सोमवार, ६ ऑक्टोबर ते बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५ या काळात सकाळच्या सत्रात होईल. भाषांच्या पेपरना ८० गुण असून वेळ ८ ते ११ राहील. गणित, विज्ञान, इतिहास-राज्यशास्त्र व भूगोल यांचे पेपर प्रत्येकी ४० गुणांचे असून वेळ ८ ते १० राहील. रविवार, १२ ऑक्टोबर रोजी पेपर नाही.

दहावीचे एकूण ९६ विद्यार्थी आहेत. एका बाकावर एकच विद्यार्थी बसेल. 'अ' तुकडीतील हजेरी क्र. १ ते २४ खोली ३०१ मध्ये व २५ ते ४८ खोली ३०२ मध्ये बसतील. 'ब' तुकडीतील क्र. १ ते २४ खोली ३०३ मध्ये असतील. याच तुकडीतील उरलेल्या २४ पैकी २२ जण खोली ३०४ मध्ये आणि दोघे तळमजल्यावरील खोली ३ मध्ये बसतील. या दोघांपैकी एकाला लेखनिक मिळेल, तो खालच्या इयत्तेतील असेल. दोघांनाही तासामागे २० मिनिटे जादा वेळ आहे, म्हणजे भाषेचा पेपर १२ वाजता व इतर पेपर १० वाजून ४० मिनिटांनी संपतील.

| दिनांक, विषय | ३०१ | ३०२ | ३०३ | ३०४ | खोली ३ | राखीव |
|---|---|---|---|---|---|---|
| ६ सोम, मराठी | कांबळे | जाधव | म्हात्रे | ठाकूर | नाईक | कुलकर्णी |
| ७ मंगळ, इंग्रजी | जाधव | म्हात्रे | कुलकर्णी | शेख | पाटील | गायकवाड |
| ८ बुध, हिंदी | म्हात्रे | कांबळे | जाधव | गायकवाड | पाटील | नाईक |
| ९ गुरु, गणित १ | शेख | कुलकर्णी | नाईक | कांबळे | पाटील | ठाकूर |
| १० शुक्र, गणित २ | कांबळे | शेख | म्हात्रे | कुलकर्णी | ठाकूर | गायकवाड |
| ११ शनि, विज्ञान १ | म्हात्रे | गायकवाड | शेख | नाईक | पाटील | जाधव |
| १३ सोम, विज्ञान २ | जाधव | म्हात्रे | ठाकूर | कांबळे | पाटील | नाईक |
| १४ मंगळ, इतिहास | ठाकूर | नाईक | गायकवाड | कुलकर्णी | कांबळे | शेख |
| १५ बुध, भूगोल | गायकवाड | ठाकूर | जाधव | शेख | पाटील | कुलकर्णी |

नऊ शिक्षकांना प्रत्येकी सहा पाळ्या आहेत. सलग तीनपेक्षा जास्त पाळ्या कोणालाही नाहीत. मागील परीक्षेत एका शिक्षकाला सलग सहा दिवस उभे राहावे लागले. ती चूक परीक्षा विभागाची होती, पुन्हा होणार नाही. ज्यांच्या विषयाचा पेपर आहे, त्यांना त्या दिवशी कोणत्याही खोलीवर नेमलेले नाही. त्यांनी ८ ते ८.३० या वेळेत परीक्षा कक्षात थांबावे, म्हणजे प्रश्नपत्रिकेत छपाईची चूक निघाल्यास सर्व खोल्यांना एकच दुरुस्ती कळविता येईल. वर्गात जाऊन तोंडी समजावणे टाळावे. एका खोलीला मिळालेला खुलासा दुसरीला न मिळणे हा मुलांवरचा अन्याय आहे.

शिक्षकांनी सांगितलेल्या वैयक्तिक अडचणी विचारात घेऊनच हा तक्ता केला आहे. त्यांची कारणे परिपत्रकात नमूद केलेली नाहीत. ती कोणी कोणाला विचारू नयेत, ही विनंती.

पर्यवेक्षकांनी ७.३० वाजता परीक्षा कक्षात स्वाक्षरी करून मोबाइल तेथेच जमा करावा. उत्तरपत्रिका, पुरवण्या व उपस्थिती पत्रक मोजून घ्यावे आणि ७.४५ पर्यंत खोलीत असावे. विद्यार्थ्यांना ७.५० च्या घंटेला आत घ्यावे. प्रश्नपत्रिकांचे सीलबंद पाकीट दोन विद्यार्थ्यांच्या समक्ष ७.५५ वाजता उघडावे आणि वाटप ८ च्या घंटेलाच करावे.

गाडी रखडल्यामुळे किंवा अन्य कारणाने उशीर होत असल्यास ७.१० पर्यंत परीक्षा कक्षात फोन करावा. राखीव शिक्षक खोली सांभाळतील व उशिरा आलेले शिक्षक त्यांची राखीव जबाबदारी घेतील. वेळेत फोन आल्यास उशिराची नोंद होणार नाही. मात्र न कळविता रिकामी राहिलेली खोली खपवून घेतली जाणार नाही.

राखीव शिक्षकांनी दर तासाला प्रत्येक खोलीत जाऊन पर्यवेक्षकाला पाच मिनिटे मोकळे करावे. वरच्या खोल्यांची वेळ संपताच त्यांनी थेट खोली ३ मध्ये जाऊन जादा वेळेचे पर्यवेक्षण स्वतःकडे घ्यावे. तेथील पर्यवेक्षकाचे काम त्या क्षणी संपते. लेखनिक विद्यार्थी सांगेल तेच लिहितो ना, याकडे खोली ३ मधील शिक्षकांनी कान देऊन लक्ष ठेवावे, परंतु मुलाला घाई करू नये.

एखाद्या विद्यार्थ्याकडे कागद किंवा अन्य साहित्य सापडल्यास ते ताब्यात घेऊन राखीव शिक्षकांना बोलवावे आणि मुलाला नवीन उत्तरपत्रिका देऊन लिहू द्यावे. वर्गासमोर झाडाझडती किंवा ओरडणे नको. पुढचा निर्णय मुख्याध्यापकांसमोर होईल.

पेपर संपल्यावर उत्तरपत्रिका हजेरी क्रमांकानुसार लावून उपस्थिती पत्रकाशी ताडाव्यात. गैरहजर क्रमांक लाल शाईने लिहून गठ्ठा परीक्षा कक्षात द्यावा व पोच घ्यावी. मोजणी जुळल्याशिवाय विद्यार्थ्यांना खोलीबाहेर सोडू नये.

बाके लावणे व आसनक्रमांक चिकटविणे हे काम शनिवार, ४ ऑक्टोबर रोजी शाळा सुटल्यावर होईल. ही जबाबदारी श्री. गायकवाड व श्री. ठाकूर यांची असून दोन शिपाई सोबत असतील.

पाळी बदलायची असल्यास दोन्ही शिक्षकांच्या सहीचा अर्ज मंगळवार, ३० सप्टेंबरपर्यंत परीक्षा विभागात द्यावा. तोंडी बदल धरला जाणार नाही. परिपत्रक वाचून सोबतच्या नोंदवहीत स्वाक्षरी करावी.

श्रीमती देशमुख
परीक्षा विभाग प्रमुख

प्रत: मुख्याध्यापक, कार्यालय, स्टाफरूम सूचना फलक