लाल विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी: खाडीकाठच्या आठ वर्षांच्या मुलीचा रुग्णवृत्तांत (फेरमांडणी केलेला मसुदा)

पहिला मसुदा वॉर्डातल्या टिपणांच्या क्रमाने लिहिला होता. उपचार, नातेवाइकांचे म्हणणे आणि आमचे निष्कर्ष त्यात एकाच परिच्छेदात कालवले गेले होते. आता तो केअर मार्गदर्शक तत्त्वांच्या (2013) धर्तीवर पाच भागांत लावला आहे. कालरेषा वेगळी काढल्यावर आमचे दोन निष्कर्ष टिकले नाहीत. ते मागे घेतले आहेत. चर्चेत तसे स्पष्ट लिहिले आहे.

प्रस्तावना

कोकणात विंचू चावणे ही रोजची गोष्ट. जांभ्याच्या गडग्यात, पेंढ्याच्या उडवीत, भाजवळीसाठी रचलेल्या कवळात आणि पडवीत काढून ठेवलेल्या चपलेतही विंचू असतो. काळा मोठा विंचू चावला तर बहुतेक वेळा कळ मारण्यापलीकडे काही होत नाही. तांबूस, आकाराने लहान असा लाल विंचू (हॉटेन्टोटा टॅम्युलस, जुने नाव मेसोब्युथस टॅम्युलस) मात्र लहान मुलांचा जीव घेऊ शकतो. त्याच्या विषामुळे चेतापेशींचे सोडियम मार्ग वेळेवर बंद होत नाहीत. स्वायत्त चेतासंस्था चेकाळते आणि रक्तात अॅड्रेनलिन व नॉरअॅड्रेनलिनचा पूर येतो. आधी घाम, उलट्या आणि लाळ. मग हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, आणि पुढे हृदय थकून फुप्फुसात पाणी भरते.

या आजाराची आधुनिक उपचारपद्धती कोकणातच घडली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचूदंशातील हृदयविकाराची लक्षणे 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली आणि 1986 साली प्राझोसिनच्या वापराविषयी तेथेच लिहिले. प्राझोसिन हे अल्फा-1 ग्राहक अडवणारे, मूळचे रक्तदाबाचे औषध आहे. इतके सगळे हाताशी असूनही एक मूल आमच्याकडे उशिरा का पोहोचले आणि त्या उशिराने काय बिघडले, एवढाच या वृत्तांताचा विषय. उपचारात आम्ही नवे काही केलेले नाही.

रुग्णाची माहिती आणि उपचार

मुलगी 8 वर्षांची, वजन 18 किलो. आधीचा कोणताही आजार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीबरोबर कवळाच्या भाऱ्या एका बाजूला लावत असताना उजव्या हाताच्या तर्जनीला दंश झाला. आजीने विंचू दगडाने ठेचला. काकांनी तो बरणीत घालून आणला, आणि त्याचा उपयोग झाला. अंग तांबूस तपकिरी, नांग्या बारीक, शेपूट जाड. ओळख आम्ही नुसत्या डोळ्यांनी पटवली, तज्ज्ञाकडून खात्री करून घेतलेली नाही.

आमच्याकडे आली तेव्हा मुलगी शुद्धीवर होती, पण अस्वस्थ. सारखी उठून बसायची, आडवे झोपवले की धाप वाढायची. कपाळावर घामाचे थेंब, जीभ कोरडी. हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत गार. नाडी मिनिटाला 148, श्वास 42, रक्तदाब 138/96, बाहेरच्या हवेवर ऑक्सिजनचे प्रमाण 91 टक्के. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी बुडबुड्यांसारखा आवाज. बोटावर सूज जवळजवळ नव्हती. विचारले तर बोट दुखत नाही म्हणाली.

हे वाक्य पहिल्या मसुद्यात ‘स्थानिक लक्षणे सौम्य’ अशा दोन-तीन शब्दांत गुंडाळले होते. या रुग्णातली सर्वांत दिशाभूल करणारी गोष्ट तीच असल्याने ते इथे पूर्ण ठेवले आहे.

ईसीजीमध्ये साइनस टॅकिकार्डिया होता. छातीच्या एक्स-रेत दोन्ही बाजूंना मध्यभागी पांढुरकी छाया. इको आणि ट्रोपोनिन तपासणीची सोय आमच्याकडे नाही.

डोके वर करून बसवले आणि मास्कने ऑक्सिजन सुरू केला. प्राझोसिनची 1 मिग्रॅची साधी गोळी अर्धी करून (0.5 मिग्रॅ, म्हणजे किलोमागे सुमारे 30 मायक्रोग्रॅम) तोंडाने दिली. पाठोपाठ लाल विंचवाच्या प्रतिविषाच्या 3 कुपी सलाइनमधून अर्ध्या तासात दिल्या. उलट्या आणि घामाने अंगातले पाणी कमी झाले होते, म्हणून ओआरएस घोटघोट चालू ठेवले. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, त्यामुळे मुलीला उभे राहू दिले नाही. लघवीसाठीही पलंगावरच भांडे दिले.

तासाभराने प्रकृती आणखी खालावली. ऑक्सिजन 85 टक्क्यांवर आले, रक्तदाब 88/60, आणि बुडबुड्यांचा आवाज छातीच्या मध्यापर्यंत चढला. डोब्युटामिन मिनिटाला किलोमागे 5 मायक्रोग्रॅम या वेगाने सुरू केले. मोठ्या रुग्णालयात हलवायचे का, यावर आमच्यात वाद झाला. घाटवळणाच्या अडीच तासांच्या रस्त्यात पंप आणि ऑक्सिजन दोन्ही सांभाळणे कठीण होते. हलवले नाही. निर्णय बरोबर होता का, हे मुलगी बरी झाली यावरून ठरत नाही.

कालरेषा

घड्याळातल्या वेळा आणि तारीख मुद्दाम दिलेली नाही (कारण संमतीच्या भागात आहे). सर्व वेळा दंशापासून, तास:मिनिटे अशा.

0:00 – दंश. तीव्र कळ, रडारड.
0:30 – गावात विंचू उतरवणाऱ्याकडे नेले. घाम सुरू झालेला.
0:50 – कळ कमी झाली. ‘उतरला’ म्हणून घरी आणून निजवले.
1:20 – लागोपाठ तीन उलट्या. हात गार लागल्याचे आजीच्या लक्षात आले.
1:50 – जवळच्या खाजगी दवाखान्यात हायड्रोकॉर्टिसोन आणि फेनिरामिनची इंजेक्शने. पुढे नेण्याचा सल्ला.
2:20 – दवाखान्यातून निघाले. धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहिली.
3:20 – आमच्याकडे दाखल.
3:30 – प्राझोसिन, पहिली मात्रा.
3:45 ते 4:15 – प्रतिविष.
4:30 – सर्वांत वाईट अवस्था. डोब्युटामिन सुरू.
6:30 – प्राझोसिन, दुसरी मात्रा. रक्तदाब 94/60, हातपाय अजून गार.
7:45 – तळहात कोमट.
9:30 – तिसरी मात्रा. पावले गारच होती.
10:50 – पावलेही कोमट. प्राझोसिन थांबवले.
13:00 – डोब्युटामिन बंद.
20:00 – ऑक्सिजन काढला. बाहेरच्या हवेवर 97 टक्के.
48:00 – घरी सोडले.
नववा दिवस – तपासणीत नाडी, रक्तदाब, फुप्फुसे आणि ईसीजी नॉर्मल.

केसपेपरवर दाखल करताना ‘दंश दोन तासांपूर्वी’ अशी नोंद आहे. ती चुकीची निघाली. घरच्यांनी वेळ मोजली ती उलट्या सुरू झाल्यापासून, आणि आम्ही पुन्हा विचारले नाही. वृत्तांत वाचून दाखवताना आईने दुरुस्ती केली: गुरे परत यायच्या आधी विंचू चावला आणि दिवेलागणीनंतर उलट्या झाल्या. काकांच्या फोनवरच्या कॉलच्या वेळांशी ताडून वरची वेळ पक्की केली.

चर्चा

मागे घेतलेला पहिला निष्कर्ष: ‘प्रतिविष दोन तासांच्या आसपास देऊनही फुप्फुसात पाणी वाढले.’ प्रत्यक्षात प्रतिविष सुरू झाले ते पावणेचार तासांनी. तोवर अभिसरणात उतरलेल्या विषाचे परिणाम पुरते सुरू झाले होते. प्रतिविष मोकळ्या विषाला बांधते. एकदा उसळलेले कॅटेकोलामिन त्याने परत जात नाहीत. 4:30 ला प्रकृती ढासळली ती प्रतिविष निष्प्रभ ठरल्यामुळे, असे या नोंदीवरून म्हणता येत नाही.

दुसरा निष्कर्ष: ‘प्राझोसिनने रुग्ण वाचला.’ हे वाक्य लिहिताना बरे वाटले होते. पण प्रतिविष, डोब्युटामिन, ऑक्सिजन आणि नुसता काळ हे सारे एकाच वेळी चालू होते. एका रुग्णात श्रेय वाटता येत नाही. त्यासाठी तुलना लागते, आणि ती झालेली आहे. 2011 साली ‘बीएमजे’मध्ये आलेल्या महाडच्या यादृच्छिक चाचणीत 70 रुग्ण होते. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांच्या अखेरीस पूर्ण लक्षणमुक्त झाले, तर नुसते प्राझोसिन मिळालेल्या 35 पैकी 8. आम्ही दोन्ही दिली ती या आधारावर.

आमचा स्वतःचा मुद्दा 0:50 या ओळीत आहे. लाल विंचूदंशात विष अंगात भिनलेल्या रुग्णाला बोटाची कळ कमी असू शकते. उलट नुसतीच भयंकर कळ असलेला रुग्ण बहुधा धोक्याबाहेर असतो. ‘दुखायचे थांबले’ ही खूण घरच्यांना, उतरवणाऱ्याला आणि कधी कधी डॉक्टरलाही सुटकेची वाटते. या मुलीच्या बाबतीत त्याच सुमारास घाम चालू होता, पण तिकडे कोणी पाहिले नाही. उन्हाळ्यात घामाकडे कोण पाहणार? कळीऐवजी तळहातांचा गारवा तपासा, एवढे एकच वाक्य आशा सेविकांच्या बैठकीत सांगायला आम्ही सुरुवात केली आहे.

उतरवणाऱ्याला दोष देऊन मोकळे होता येत नाही. दंश ते पहिली मात्रा हे साडेतीन तास असे गेले: 1:20 पर्यंत गावात, अर्धा तास दवाखान्यापर्यंत, अर्धा तास दवाखान्यात, एक तास धक्का आणि खाडीत, शेवटची दहा मिनिटे आमच्याकडे. दवाखान्यात मिळालेल्या स्टेरॉइड आणि अँटिहिस्टामिनचा या विषावर उपयोग नाही. स्टेरॉइडमुळे कॅटेकोलामिनचा परिणाम वाढू शकतो, हा आक्षेपही जुना आहे. तेथे प्राझोसिन असते तर पहिली मात्रा दीड तास आधी पडली असती. बाजारात प्राझोसिनच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याच जास्त मिळतात. त्या मोडता किंवा कुटता येत नाहीत, म्हणून लहान मुलाला निरुपयोगी. साठा करताना साधी 1 मिग्रॅची गोळीच मागावी लागते.

या वृत्तांताच्या मर्यादा अशा: इको नसल्याने हृदयाच्या स्नायूची कार्यक्षमता मोजलेली नाही, विंचवाची जात तज्ज्ञाने ठरवलेली नाही, आणि दाखल होण्याआधीच्या वेळा आठवणीवर व फोनच्या नोंदीवर आधारलेल्या आहेत.

रुग्णसंमती

मुलगी अल्पवयीन असल्याने तिच्या आईची लेखी संमती मराठी अर्जावर घेतली आहे. वडील नोकरीनिमित्त मुंबईत असतात. त्यांना फोनवरून मजकूर वाचून दाखवला, त्यांची हरकत नाही. मुलीला तिच्या भाषेत समजावून सांगितले आणि तिने तोंडी होकार दिला. संमती मागितली ती मुलगी घरी गेल्यानंतर, नवव्या दिवशीच्या तपासणीत. वॉर्डात उपकाराच्या ओझ्याखाली दिलेली संमती आम्हाला नको होती. नकार दिला तरी पुढच्या उपचारात फरक पडणार नाही आणि छापून येईपर्यंत संमती मागे घेता येईल, हे अर्जात लिहिले आहे आणि वाचूनही दाखवले.

गाव लहान आहे. ‘विंचू चावलेली ती मुलगी’ एवढ्यावरूनही ओळख पटते, म्हणून गाव, तालुका, तारीख, खाडीचे नाव आणि छायाचित्र वगळले आहे. त्यातूनही जवळच्यांना ओळख पटू शकेल, हे आईला स्पष्ट सांगितले आहे. उतरवणाऱ्याचा उल्लेख ठेवायचा की नाही, हे आम्ही आईलाच विचारले. ठेवा म्हणाल्या, पण तो माणूस कोण ते कळेल असे काही नको. त्याप्रमाणे दोन वाक्ये काढली. सुधारलेला मसुदा त्यांना पुन्हा वाचून दाखवल्यावर त्यांनी प्रत्येक पानावर सही केली. एक प्रत त्यांच्याकडे, एक रुग्णालयाच्या दप्तरी आहे.